लाभांश कशातून दिला?

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटजवळ घोटावडे फाटा लागतो. तिथून उजवीकडचा रस्ता घोटावड्याला आणि पुढे माण-हिंजवडीकडे जातो. या पट्ट्यात प्रेस शॉप, शीट मेटल, प्लास्टिक मोल्डिंग, फॅब्रिकेशन अशी कामे करणारे लहान कारखाने आहेत. अशा कारखान्यांच्या पाटीवर पुष्कळदा ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिलेले असते. कंपनी बहुधा घरचीच असते. दोघे भाऊ संचालक, सोबत एखादी वहिनी संचालक, आणि शेअरही याच तिघांच्या नावावर. त्यामुळे सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी लाभांशाचा विषय निघाला की चर्चा घरच्या पैशांची असते तशीच होते. बँकेत शिल्लक किती, यंदा किती उचलायचे, एवढे ठरले की झाले.

कायद्याच्या नजरेत मात्र तो पैसा घरचा नाही. मुंबईच्या बाचा गुजदार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये ही गोष्ट फार स्वच्छ सांगितली. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाचे उत्पन्न बहुतांशी शेतीचे, म्हणून आपल्याला मिळालेला लाभांशही तेवढ्यापुरता शेतीचे उत्पन्न मानावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते नाकारले. मळा कंपनीचा आहे, भागधारकाचा नाही. भागधारकाला हक्क आहे तो कंपनीने नफ्यातून जाहीर केलेल्या लाभांशावर. खटला प्राप्तिकराचा होता, पण आपल्या विषयाचा पाया त्यात आहे. कंपनीच्या खात्यातला पैसा भागधारकाकडे न्यायचा तर लाभांश ही ठरलेली वाट आहे, आणि त्या वाटेवर कंपनी कायदा 2013 चे कलम 123 उभे आहे.

हे कलम विचारते की लाभांश कशातून देता आहात. उत्तरे मोजकीच चालतात. एक, त्या वर्षीचा नफा, तोही घसारा वजा केल्यानंतरचा. दोन, मागच्या वर्षांचा घसारा वजा जाता उरलेला आणि न वाटलेला नफा. याशिवाय सरकारने हमीपोटी दिलेल्या रकमेचा एक अपवाद आहे, त्याच्याशी घोटावड्याच्या कारखानदाराचा संबंध येत नाही. मागे तोटा झाला असेल किंवा घसारा धरायचा राहिला असेल, तर तो आधी यंदाच्या नफ्यातून भरून काढावा लागतो. हातात न आलेला, नुसता कागदावर वाढलेला फायदा नफ्यात धरता येत नाही. आणि भांडवलाला हात लावता येत नाही.

भांडवलाबाबत एवढा कडकपणा का, तर कंपनी बुडाली तर धनकोंना भागधारकांच्या घरादारावर जाता येत नाही. ‘लिमिटेड’ या शब्दाचा अर्थच तो. भोसरीचा पत्रेवाला उधारीवर माल देतो, टेम्पोवाला महिनाभर थांबतो, बँक कॅश क्रेडिट देते, ते कंपनीत घातलेले भांडवल कंपनीत राहील या भरवशावर. धंद्यात ते बुडाले तर तक्रार नाही, ती जोखीम सगळ्यांनी पत्करलेली असते. मालकांनीच ते लाभांश म्हणून घरी नेले, तर मर्यादित जबाबदारीचा सौदा एकतर्फी मोडला जातो.

आता एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, आकडे सोपे केले आहेत, पण अशी परिस्थिती मुळीच विरळा नाही. समजा, फाट्याजवळ गाड्यांचे प्रेस पार्ट बनवणारी एक घरगुती कंपनी आहे. भरणा झालेले भांडवल 1 कोटी रुपये. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाने चढ्या दराने शेअर घेतले, त्याचा शेअर प्रीमियम 40 लाख. कारखान्याची जमीन स्वस्तात घेतलेली, आता तिचा भाव कुठल्या कुठे गेला. म्हणून ताळेबंदात तिचे पुनर्मूल्यांकन करून 3 कोटींचा राखीव निधी दाखवला आहे. मागच्या मंदीतला 15 लाखांचा तोटा अजून पुढे ओढलेला आहे. यंदा काम बरे झाले. घसारा आणि कर धरण्यापूर्वी 70 लाख शिल्लक दिसतात. बँकेत 35 लाख आहेत. थोरले भाऊ म्हणतात, “यंदा 20 टक्के देऊ या.” म्हणजे 1 कोटी भांडवलावर 20 लाख रुपये.

परवडेल का, असे विचारले की सगळे आधी बँकेची शिल्लक बघतात. पण त्या 35 लाखांत गिऱ्हाइकाने डायसाठी दिलेला आगाऊ पैसा आहे, आणि पत्रेवाल्याचे दोन महिन्यांचे देणे अजून द्यायचे आहे. रोकड आणि नफा यांचा मेळ बसेलच असे नाही. नफा असून बँक रिकामी असू शकते, आणि तोटा असून बँक भरलेली असू शकते. 35 लाखांवरून लाभांश देता येईल की नाही, हे कळतच नाही.

मग नजर ताळेबंदातल्या ‘राखीव आणि शिल्लक’ या ओळीकडे जाते. तिथे साडेतीन कोटींच्या आसपासचा आकडा आहे आणि तो फार मोहात पाडतो. त्यातले 3 कोटी जमिनीच्या पुनर्मूल्यांकनाचे. जमीन विकलेली नाही, कोणी एक रुपया दिलेला नाही. उद्या भाव उतरला तर ते 3 कोटी हवेत जातील. कलम 123 त्यांना नफा मानत नाही. उरलेले 40 लाख शेअर प्रीमियमचे. हा पैसा खरोखर आला आहे, पण भागधारकाकडून आला आहे, धंद्यातून नव्हे. कलम 52 त्याला भांडवलासारखेच वागवते. त्यातून बोनस शेअर देता येतात, आणखी काही ठरीव कामांना तो वापरता येतो, लाभांशाला नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या राखीवपैकी मुक्त राखीव, वाटता येईल असा निधी, शून्य. उलट त्याच ओळीत 15 लाखांचा जुना तोटा दडलेला आहे. मुळशीसारख्या तालुक्यात, जिथे जमिनीच्या भावाने माणसे रातोरात श्रीमंत झाली, तिथे जमिनीची वाढलेली किंमत म्हणजे कमाई हा समज सहज रुजतो. कंपनीच्या हिशेबात त्याला थारा नाही.

राहिला यंदाचा नफा. 70 लाखांतून घसारा 20 लाख वजा केला, 50 लाख उरले. प्राप्तिकर 25 टक्के धरू, आणि करातली जुन्या तोट्याची वजावट सोयीसाठी बाजूला ठेवू. साडेबारा लाख कर गेला, साडेसदतीस लाख राहिले. त्यातून मागचा 15 लाखांचा तोटा भरून काढला. साडेबावीस लाख. 20 लाखांचा लाभांश त्यात आरामात बसतो. कागद स्वच्छ आहे, सभेत ठराव झाला, तिघांनी सह्या केल्या, पैसे वाटले.

पण येण्यांच्या यादीत चाकणच्या एका गिऱ्हाइकाचे 22 लाख आहेत. त्याचा कारखाना दोन वर्षांपासून बंद आहे. धाकटे भाऊ स्वतः चार वेळा जाऊन कुलूप बघून आले आहेत. शेवटचा चेक परत आला तो बँकेच्या उताऱ्यात दिसतो. तरीही ते येणे ताळेबंदात पूर्ण किमतीला उभे आहे. ‘आज ना उद्या देईल’ म्हणून ते बुडीत लिहिले नाही, त्यासाठी तरतूदही केली नाही. ते प्रामाणिकपणे बुडीत लिहिले असते तर 50 लाखांचे 28 झाले असते. कर 7 लाख, उरले 21. जुना तोटा 15 वजा, उरले 6 लाख. कंपनीला वाटता येत होते 6 लाख. वाटले 20. वरचे 14 लाख भांडवलातून गेले. शिवाय न झालेल्या नफ्यावर साडेपाच लाख कर भरला गेला तो वेगळाच.

सगळा खेळ एका येण्यावर ठरला, हे इथे पाहण्यासारखे आहे. भांडवलातून लाभांश देताना कोणी ‘आता भांडवल वाटू या’ असा ठराव करत नाही. ते घडते नफ्याचा आकडा फुगल्यामुळे. बुडालेले येणे चांगले दाखवले, भंगारात जमा होणारा माल चालू मालाच्या भावाने धरला, घसारा कमी लावला, एखादा खर्च मालमत्ता म्हणून मांडला, की नफा तयार होतो. नफा तयार झाला की लाभांश कायदेशीर दिसतो. म्हणून लाभांशाची तपासणी करणारा जाणता माणूस लाभांशाच्या ठरावापाशी थांबत नाही. तो येण्यांची वयवार यादी मागतो. वर्षापेक्षा जुनी येणी कोणती, त्यांपैकी मार्चनंतर किती वसूल झाली, हे पाहतो. माल हलतो आहे की तीन वर्षे त्याच रॅकवर पडून आहे, हे पाहतो. फुगलेला नफा बहुधा तिथे सापडतो.

या विषयातला सगळ्यात गाजलेला निकाल हुबेहूब अशाच प्रसंगावरचा आहे. इंग्लंडच्या एक्स्चेंज बँकिंग कंपनीच्या संचालकांनी बुडालेली कर्जे चांगली दाखवून वर्षानुवर्षे नफा दाखवला आणि लाभांश वाटले. कंपनी बुडाल्यावर परिसमापकाने ते पैसे संचालकांकडे मागितले. 1882 चा हा निकाल फ्लिटक्रॉफ्ट खटला म्हणून ओळखला जातो. ज्या ज्या काळात जे संचालक होते, त्या काळात वाटलेल्या रकमेसाठी त्यांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले गेले. भागधारकांनीच सभेत मंजुरी दिली होती, हा बचाव टिकला नाही. जी गोष्ट खुद्द कंपनीलाही करता येत नाही, तिला भागधारक कितीही एकमताने मान डोलावोत, मंजुरी मिळत नाही. घोटावड्याच्या कंपनीत भागधारक आणि संचालक बहुधा एकच असतात, ‘आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवले’ हे वाक्य तिथे हमखास येते. त्या वाक्याने काहीच वाचत नाही, कारण गेलेले पैसे ठरवणाऱ्यांचे नव्हतेच.

संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या, याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. आपल्या उदाहरणातले 14 लाख तिघांत वाटून मागितले जातीलच असे नाही. पूर्ण 14 लाख एकाकडूनही वसूल होऊ शकतात, आणि वसूल करणारा ज्याच्या नावावर फ्लॅट किंवा सातबारा आहे त्याच्याकडे आधी जाणार. त्याने मग उरलेल्यांकडून आपापला वाटा मागत बसावे. ‘लिमिटेड’ची ढाल भागधारकाला आहे. संचालक म्हणून केलेल्या चुकीच्या वाटपाला ती लागू नाही.

आपल्या कायद्यात ही वसुली कशी होते, याबद्दल बराच गैरसमज आहे. कलम 123 मोडल्याची शिक्षा त्याच कलमात लिहिलेली नाही. मग लागू होते ते सर्वसाधारण दंडाचे कलम 450, आणि त्यातला संचालकाचा दंड जास्तीत जास्त 50 हजारांपर्यंत जातो. हे वाचून पुष्कळांना वाटते, एवढेच ना? मला हे वाटणेच सगळ्यात धोक्याचे वाटते. खरी भीती दुसरीकडे आहे. कंपनी गुंडाळण्याची वेळ आली की कलम 340 खाली परिसमापक किंवा एखादा धनको राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. संचालकाने कंपनीचा पैसा गैर मार्गाने वापरला असेल तर तो व्याजासह परत करण्याचा आदेश तिथे मिळतो. त्यासाठीची मुदत पाच वर्षांची, आणि ती मोजण्याच्या तारखांपैकी जिच्यामुळे मुदत लांबेल ती धरली जाते. म्हणजे लाभांशाची गोष्ट विसरून गेल्यावरही जुने इतिवृत्त उघडले जाऊ शकते. दिवाळखोरी संहितेच्या कलम 66 मध्येही धनकोंना फसवण्याच्या हेतूने केलेल्या व्यवहारांसाठी वैयक्तिक भरपाईची तरतूद आहे. आणि नफा जाणूनबुजून खोटा दाखवल्याचे सिद्ध झाले, तर कंपनी कायद्याच्या कलम 447 खाली तो कपटाचा गुन्हा होतो. रक्कम दहा लाख किंवा उलाढालीच्या एक टक्का, यांपैकी जे कमी असेल तेवढी तरी असली, तर त्यात किमान सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

जुना हिशेब पुन्हा उघडता येतो, याचे मोठे उदाहरण मुंबईतच आहे. आयएल अँड एफएस समूहाने 2018 मध्ये देणी थकवली, तेव्हा 1 ऑक्टोबरला केंद्र सरकार न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे गेले आणि संचालक मंडळ बदलले गेले. रोखीची टंचाई समोर दिसत असतानाही लाभांश आणि व्यवस्थापनाचे भरमसाट मोबदले चालूच राहिले, असा सरकारचा आक्षेप होता. पुढे जानेवारी 2019 मध्ये न्यायाधिकरणाने मुख्य कंपनी आणि दोन उपकंपन्यांचे मागच्या वर्षांचे हिशेब कलम 130 खाली नव्याने मांडायला परवानगी दिली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हिशेब नव्याने मांडला की त्या त्या वर्षीचा नफा बदलतो, आणि त्या नफ्यावर उभा असलेला लाभांशही पुन्हा प्रश्नाखाली येतो. एवढ्या मोठ्या समूहात आणखी एक पेच असतो. लाभांश ठरतो तो कंपनीच्या स्वतःच्या हिशेबावर, सगळ्या समूहाच्या एकत्रित हिशेबावर नाही. समूह तोट्यात असताना वरची कंपनी नियमात बसून लाभांश देऊ शकते. म्हणून नियमात बसते एवढ्यावर संचालकाने समाधान मानू नये, असे मला वाटते.

ज्या कंपनीकडे खरोखर मुक्त राखीव निधी आहे, तिला नफा अपुरा पडलेल्या वर्षीही लाभांश देता येतो, पण 2014 च्या नियमांनी त्याला लगाम घातला आहे. लाभांशाचा दर मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जास्त नको. भरणा भांडवल आणि मुक्त राखीव यांच्या बेरजेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम काढायची नाही. काढलेल्या रकमेतून त्या वर्षीचा तोटा आधी भरायचा. आणि काढून उरलेला निधी भरणा भांडवलाच्या 15 टक्क्यांखाली जाता कामा नये. आपल्या उदाहरणातल्या कंपनीला ही वाटच नव्हती, कारण तिचा मुक्त राखीव शून्य होता.

घोटावड्याच्या बाजूला दिसणारी आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जमीन विकून आलेला पैसा गावातली माणसे ओळखीच्या कारखानदाराकडे व्याजाने ठेवतात. प्रायव्हेट कंपनीला संचालकांकडून, त्यांच्या नातेवाइकांकडून आणि मर्यादेत भागधारकांकडून पैसे घेता येतात, शेजाऱ्यांकडून ठेवी घेता येत नाहीत. तशी ठेव घेतलेली असेल तर कलम 73 मोडले जाते, आणि ती चूक चालू आहे तोवर कलम 123 च्या सहाव्या पोटकलमाने इक्विटी शेअरवर लाभांश जाहीर करायलाच बंदी आहे. नफा कितीही खरा असो. हे पोटकलम लहान कंपन्यांत क्वचितच कोणाच्या लक्षात असते.

मग संचालकाला बचाव नाहीच का? आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्यावी लागते. नॅशनल बँक ऑफ वेल्सच्या प्रकरणात कोरी नावाच्या संचालकावरही भांडवलातून लाभांश दिल्याचा आरोप होता. अध्यक्षांनी आणि व्यवस्थापकांनी दिलेल्या माहितीवर तो विसंबला होता आणि संशय यावा असे त्याच्यासमोर काही आले नव्हते. 1901 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाने त्याला सोडले. आपल्या कायद्यातही कलम 463 खाली प्रामाणिकपणे आणि समजूतदारपणे वागलेल्या संचालकाला न्यायालय माफी देऊ शकते. आपल्या उदाहरणातल्या वहिनी या बचावाजवळ कदाचित पोहोचतील, तेही त्यांनी काही विचारले होते आणि त्यांना खोटे उत्तर मिळाले होते, असे इतिवृत्तात दिसले तर. न वाचता केलेली सही हा बचाव नाही. चाकणला जाऊन कुलूप बघून आलेल्या धाकट्या भावाला तर तो मुळीच मिळणार नाही, कारण त्याला माहीत होते.

ज्या भागधारकांनी सगळे माहीत असताना पैसे घेतले, त्यांच्याकडून ते परत मागण्याचा हक्क पैसे भरलेल्या संचालकाला आहे, हे 1900 च्या मॉक्सहॅम खटल्यापासून मान्य आहे. इंग्लंडने पुढे भागधारकाची परतफेडीची जबाबदारी कायद्यातच लिहिली. आपल्या 2013 च्या कायद्यात तसे कलम नाही. त्यामुळे इथे थोरल्या भावाने 14 लाख भरले, तर वहिनींकडून आणि धाकट्याकडून आपला वाटा त्याला जुन्या निकालांच्या आधारे दिवाणी दाव्यातून मागावा लागेल. शेअर प्रीमियम देऊन भागधारक झालेल्या त्या नातेवाइकाने लाभांश घेताना चाकणच्या येण्याची गोष्ट ऐकलीच नसेल, तर त्याच्याकडून काहीच मिळणार नाही.

म्हणून लाभांशाचा विषय आला की बैठकीच्या इतिवृत्तात तीन आकडे वेगळे लिहून ठेवावेत. घसारा आणि बुडीत येणी धरल्यानंतरचा यंदाचा नफा, मागून ओढलेला तोटा, आणि पुनर्मूल्यांकन व शेअर प्रीमियम वगळून उरणारा मुक्त राखीव. सोबत वर्षापेक्षा जुन्या येण्यांची यादी जोडावी आणि प्रत्येक येण्यापुढे ते का येईल असे वाटते हे लिहावे. एखाद्या संचालकाला ते पटले नसेल तर त्याने आपला विरोध त्याच बैठकीत नोंदवून घ्यावा. लाभांश जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत ती रक्कम वेगळ्या बँक खात्यात जमा करावी लागते. जाहीर होताच ती भागधारकांचे देणे झालेली असते, आणि चुकीचा आकडा दुरुस्त करायला तेव्हा फार उशीर झालेला असतो.